आईला देता न आलेली लस

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन कपडे बदलत होते. ताई आणि भाऊजी युगांडात राहायचे. तिथल्या एका साखर कारखान्यात भाऊजी बरीच वर्षं नोकरीला होते. ताईच्या पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत गेल्याचं आम्हाला दिवाळीतच कळलं होतं. त्या दिवशी भाऊजी एवढंच म्हणाले, "आता औषधं थांबवलीत. तुम्ही याल तर बरं होईल. उन्हाळा तरी निघेल असं डॉक्टर म्हणतात."

ताईला नागपूरला आणायचा विषय आधीच संपला होता. तिच्या पोटात पाणी भरायचं, ते दर काही दिवसांनी काढावं लागायचं. दोन विमानं बदलून इतका वेळ बसणं तिला शक्य नव्हतं. म्हणजे जायचं ते आम्हीच. आई, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी. नवऱ्याला वीज खात्यातून उन्हाळ्यात सुट्टी मिळणं अशक्यच, त्यामुळे तो इथेच राहणार होता. मी शिकवते त्या शाळेला सुट्ट्या लागायला दोनेक महिने होते. तिकिटं त्या हिशोबानं काढली.

आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच, नागपुरातल्या महाल भागात राहत होती. विमानात ती कधीच बसली नव्हती, पण तिला त्याचं काही नव्हतं. "बसची सीट असते तशीच असते ना? मंग झालं," म्हणाली. पासपोर्टच्या फोटोसाठी तिनं तेल लावून केस इतके चापून बसवले की फोटोवाला म्हणाला, काकू, जरा हसा. ती हसली नाही.

लसींचं प्रकरण मला मुळीच माहीत नव्हतं. भाऊजींनीच सांगितलं, पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय या देशात येता येत नाही, आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचार, निघायच्या आदल्या दिवशी नको. म्हणून एका शनिवारी आम्ही तिघी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडे गेलो. हे आमचे घरचे डॉक्टर. माझ्या लग्नाआधीपासूनचे.

"लवकर आल्या, हे चांगलं केलं," डॉक्टर म्हणाले. "लोक तिकीट हातात घेऊन परवा निघायचंय म्हणून येतात, तेव्हा मी काय करू?"

त्यांनी एकेक करून विचारलं. मुलीच्या लहानपणीच्या लसी पूर्ण होत्या, तिचं कार्ड मी नेलं होतं. मला धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवेना. तिथलं पाणी, खाणं लक्षात घेता टायफॉइड आणि अन्नातून होणाऱ्या काविळीची लस घ्या म्हणाले. आईलाही चालेल, या लसी मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या असतात. पिवळ्या तापाची मात्र त्यांच्याकडे नव्हती. ती फक्त सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच मिळते, तिथून शिक्का मारलेली पिवळी पुस्तिका घ्यायची, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ती पुस्तिका लागू होते.

मग मलेरिया. आईनं लगेच सांगितलं, "मले लहानपणी दोनदा झाला होता, डॉक्टरसाहेब. गावी, खाप्याले होतो आम्ही तवा. काही नाही होत मले आता."

"आई, ती ताकद अंगात टिकत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि तिथला मलेरिया वेगळ्या जातीचा. डोक्यात चढतो तो. आपली जुनी क्लोरोक्विनची गोळी तिथं चालत नाही."

आम्हा तिघींसाठी एकच गोळी देता येईना, हे मला नवीन होतं. मला रोज घ्यायची डॉक्सिसायक्लिन सांगितली. निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, तिथं असेपर्यंत रोज, आणि परत आल्यावरही चार आठवडे. आठवड्यातून एकदा घ्यायची दुसरी एक गोळी होती, पण बाळंतपणानंतर मला नैराश्याचा त्रास झाला होता, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तशा माणसाला ती देत नाहीत. मुलीच्या वयाला डॉक्सिसायक्लिन चालत नाही, तिच्या दातांचं नुकसान होतं. म्हणून तिला ती आठवड्याची, वजनाप्रमाणे अर्धी, दोन-तीन आठवडे आधीपासून सुरू करायची. म्हणजे काही त्रास झाला तर इथेच कळेल. आईची गोळी तिची बाकीची औषधं बघून ठरवू म्हणाले.

"आणि या गोळ्या घेतल्या म्हणजे झालं असं नाही," ते म्हणाले. "मच्छरदाणी, अंग झाकणारे कपडे, अंगाला लावायचं मलम. तिथं असताना किंवा आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. सांगायचं, आफ्रिकेतून आलो."

उठता उठता त्यांनी आईला विचारलं, "तुमच्या सांध्याच्या गोळ्या चालू आहेत ना? मेथोट्रेक्सेट?"

"सोमवारची एक. दुसऱ्या दिवशी ती पिवळी, व्हिटॅमिनची."

डॉक्टर परत खुर्चीत टेकले. आईचा संधिवात साधा नव्हता. अंगाची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उठते, तो प्रकार. सोमवारची गोळी ती शक्ती दाबून ठेवायची. त्या गोळीमुळेच ती चारेक वर्षांपूर्वी पुन्हा स्वतःची वेणी घालू लागली होती.

"पिवळ्या तापाची लस जिवंत जंतूंची असते," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. "कमजोर केलेले, पण जिवंत. या गोळ्यांवर असलेल्या माणसाला बहुधा देत नाहीत. तुमच्या सांध्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि केंद्रात नक्की सांगा. मी इथून हो किंवा नाही म्हणणार नाही."

मी हे ऐकलं. पण ज्या शब्दाला धरून राहावंसं वाटतं तोच शब्द माणूस घरी नेतो. मी 'बहुधा' घरी नेला. सांध्यांचे डॉक्टर धंतोलीत बसायचे, त्यांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मी ती घेतली आणि दहावीच्या पेपर तपासणीला लागले.

आई तयारीला लागली. टायफॉइडचं आणि काविळीचं इंजेक्शन घेऊन आल्यावर दंडाला हात लावून म्हणाली, "दोन झाले. आता एकच राह्यलं." नातीसाठी तिनं लांब बाह्यांचे कुर्ते आणि पायजमे शिवायला घेतले, सुती, फिकट रंगांचे, कारण गडद रंगावर डास जास्त येतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारच्या काकू बघायला आल्या. "आपल्याकडे काय मच्छर नाहीत काय?" त्या म्हणाल्या. "आमच्या कूलरच्या टाकीत या बघायला." दोघी हसल्या. त्या दिवसांत आईला हसताना मी बऱ्याचदा ऐकलं, आणि मला ते थोडं विचित्र वाटायचं, कारण आपण कशाला जातोय हे तिला पक्कं माहीत होतं. पण ती मुलीला भेटायला चालली होती. पुढचं पुढे.

हळूहळू मशीनचा आवाज थांबला. एका कुर्त्याची बाही तशीच राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "धागा नाही जुळून राह्यला." मी दुसरा धागा आणून दिला.

केंद्रात लस ठरलेल्या दिवशीच देतात. एका कुपीत बऱ्याच जणांची लस असते आणि उघडली की तासाभरात संपवावी लागते, म्हणून आधी नाव नोंदवायचं. आमचा दिवस सांध्यांच्या डॉक्टरांच्या भेटीच्या आधीचा आला. मी म्हटलं, पुढचा दिवस घेऊ. पण आई ऐकेना. "तिथंही डॉक्टरच बसले आहेत ना? त्याईलेच विचारू."

सरकारी दवाखान्याच्या त्या मजल्यावर लांब बाक होते. बाकांवर जहाजावर कामाला जाणारी तरुण पोरं, घानाला निघालेलं एक जोडपं, पाठीवर पिशव्या घेतलेले दोन खाणकामगार. सगळ्यांच्या हातात पासपोर्ट. आईनं आपला पासपोर्ट रुमालात गुंडाळला होता. आमची नावं पुकारली तेव्हा ती उठायला वेळ लावू लागली आणि मी तिचा हात धरला. तेव्हा मला तिचं मनगट गरम लागलं. बोटं फुगली होती.

आतल्या डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी माझी विचारपूस केली. अंड्याची अॅलर्जी आहे का, ताप आहे का, गरोदर आहात का. मुलीची केली. मग आईकडे वळल्या.

"आजी, वय किती?"

"एकाहत्तर."

"काही आजार? कुठली गोळी चालू आहे?"

"नाही," आई म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे बघितलं. "आई, सोमवारची?"

"मी बंद केली," ती म्हणाली. मॅडमकडे बघून, माझ्याकडे नाही. "डॉक्टर म्हणाले गोळी असली तर लस देत नाहीत. तर मी बंद करून टाकली. तीन सोमवार झाले. आता देता येते ना?"

खोलीत दोन नर्स होत्या, त्याही थांबल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं. आईचे दोन्ही हात समोर घेऊन त्यांनी ते उलटेपालटे करून बघितले, गाठी दाबून बघितल्या. आईच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं.

"आजी, या गोळीचा असर तीन आठवड्यांत जात नाही," मॅडम म्हणाल्या. "महिने थांबावं लागतं. आणि तोवर तुमचे सांधे असेच पेटणार. नाही देता येणार मला."

"थोडीशी द्या. अर्धी."

"अर्धी-पूर्ण असं नसतं त्यात. हा जिवंत विषाणू आहे. तुमच्या अंगानं त्याला आवरलं नाही तर तुम्हाला तोच आजार होऊ शकतो, या लशीनंच. साठीच्या वर तर धडधाकट माणसालाही मी चारदा विचार करून देते."

"मले काही झालं तर माझी जबाबदारी. मी लिहून देतो, अंगठा देतो, सही येते मले."

"तुमच्या सहीनं मला देता येत नाही, आजी."

आई मग सरळ सांगू लागली. मोठी पोरगी तिथं आहे, तिचं आता काही खरं नाही, डॉक्टरांनी औषध बंद केलं. तिनं हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं की एक नर्स बाहेर निघून गेली. मॅडम ऐकत राहिल्या. त्या घाईत नव्हत्या, बाहेर रांग असूनही. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. त्या उद्धट असत्या तर भांडता तरी आलं असतं.

मी विचारलं, "काहीच मार्ग नाही?"

"सूट असल्याचं पत्र देता येतं," त्या म्हणाल्या. "वैद्यकीय कारणानं लस देता येत नाही, असं. पण तिथला विमानतळ ते मान्य करेल याची खात्री मी देऊ शकत नाही, आधी त्यांच्या वकिलातीत विचारावं लागेल. परत येताना आपल्याकडे कडक आहे, सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आणि हे सगळं जमलं असं धरा. त्या पत्रानं अधिकारी थांबतो. डास थांबत नाही. यांना तिथं पिवळा ताप झाला तर त्यावर औषध नाही."

मला आणि मुलीला लस दिली. मुलगी रडली. अर्धा तास बाहेर बसवून ठेवलं, काही त्रास होतो का बघायला. आई आमच्या शेजारी बसून होती. आमच्या दोन पुस्तिका तयार होऊन आल्या तेव्हा तिनं त्या हातात घेतल्या, शिक्के बघितले आणि परत दिल्या. रुमाल सोडून पासपोर्ट तिनं पिशवीत टाकला.

ऑटोत आईनं पिशवी मांडीवर घेतली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मी खोटं बोलली असती तर दिली असती त्यायनं. तू मधात काहून बोलली वं?"

माझ्या जागी कुणीही बोललं असतं, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. त्यानं काही फरक पडला नाही.

सांध्यांच्या डॉक्टरांनी तिला रागावून गोळी परत सुरू करायला लावली आणि मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, तीन महिने बंद ठेवूनही या वयात मी ही लस द्या म्हणणार नाही. वर थोडे दिवस स्टेरॉइडची गोळी लिहून दिली, तीही प्रतिकारशक्ती दाबणारीच. म्हणजे लशीची जी काही दूरची आशा उरली होती तीही त्या चिठ्ठीबरोबर गेली. पत्राचा विषय मात्र घरात आणखी चार दिवस चालला. नवरा म्हणाला, वकिलातीला मेल टाकू. आई म्हणाली, वेगळं ठेवलं तर ठेवलं, मी काय कुठं पळून जातो. मी मेल लिहिली. उत्तर आलं नाही.

ते प्रकरण ताईनंच बंद केलं. व्हिडिओवर तिचा चेहरा आला, गालांची हाडं वर आलेली. आई पुढे सरकून बसली. ताई म्हणाली, "आई, तू येऊ नको. इथं तुला काही झालं तर हे कुणाकुणाला बघतील? मला त्या काळजीनं झोप येणार नाही."

"मले काही नाही होत."

"मला होतं गं. ऐक माझं."

आईनं फोन माझ्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं मी गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती. कणकेचा गोळा ताटात तसाच. बोटं मिटत नव्हती, म्हणून मळता येत नव्हतं. मी मळायला घेतली. ती म्हणाली, "पोरीची गोळी दिली काय? आज वार आहे तिचा."

मुलीची ती पहिली गोळी. अर्धी कुटून, साखरेत कालवून दिली, तर जहर कडू. तिनं दहा मिनिटांत सगळं ओकून टाकलं. डॉक्टरांना फोन केला. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण मात्रा परत द्या म्हणाले. दुसऱ्यांदा आईनं दिली. गुळाच्या पाकात. नातीला मांडीवर घेऊन, कोपरानं धरून, कारण पंजे चालत नव्हते. ती गोळी राहिली पोटात. आम्ही निघेपर्यंत दर आठवड्याला ती आईच देत गेली.

आम्ही दोघीच गेलो. नागपूरच्या विमानतळावर आई आली नाही, तिनं घरातूनच निरोप दिला. बाही राहिलेला कुर्ता तिनं कुणाकडून तरी पूर्ण करून घेतला होता. तोही पिशवीत घातला.

तिथल्या विमानतळावर एका माणसानं आमच्या पिवळ्या पुस्तिका उघडल्या, बघितल्या आणि परत दिल्या. पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही. मी तशीच उभी राहिले. मागच्यानं धक्का दिला तेव्हा पुढे झाले.

ताईचं घर टेकडीवर होतं, भोवती हिरवंगार. दिवेलागणीच्या आधी भाऊजी सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. जाळ्या होत्याच. ताईच्या पलंगावर मच्छरदाणी कायम सोडलेली. मी आत शिरून तिच्या पायाशी बसायची. मुलीला लांब बाह्या, पायजमा, हातापायांना मलम, दिवसासुद्धा, कारण पिवळ्या तापाचा डास दिवसा चावतो आणि मलेरियाचा रात्री. मुलगी कंटाळून जायची. ताई म्हणायची, "सोड गं तिला जरा." मी सोडत नव्हते. तिथं गेल्यापासून मी कशाचंच काही करू शकत नव्हते, तेवढंच एक करत होते.

मी माझी गोळी रोज जेवण झाल्यावर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर बराच वेळ आडवी व्हायची नाही, नाही तर छातीत जळायचं. ताई बघायची. एकदा म्हणाली, "तुला आजारी पडायचं नाही म्हणून औषध. मजा आहे." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला मात्र त्यानंतर तिच्यासमोर गोळी घ्यायची लाज वाटायला लागली. मी ती स्वयंपाकघरात जाऊन घ्यायची.

आईला रोज फोन लावायचो. रेंज तुटायची. आईचा चेहरा अर्ध्यात थांबायचा, तोंड उघडं, डोळे मिटलेले. ताई त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

निघायच्या आदल्या दुपारी ताई म्हणाली, "बरं झालं आई आली नाही. तिनं मला असं बघायला नको होतं."

मी हो म्हटलं.

मुलगी खाली जमिनीवर चित्रं काढत होती. ताईनं माझी बाही ओढली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला ती पाहिजे होती."

मी मच्छरदाणीच्या आत बसून होते. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

नागपुरात पाऊल ठेवलं तर मेचं ऊन. डॉक्सिसायक्लिननं कातडी उन्हाला नाजूक होते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी एकदा निकालाच्या कामासाठी हातमोजे न घालता गाडीवर शाळेत गेले आणि हातांची पाठ लाल होऊन सोलली. घरी आल्यावरही गोळ्या चालूच होत्या. ज्या घरात मलेरिया नव्हता त्या घरात बसून तिथल्या मलेरियाची गोळी मी रोज घेत होते. रक्तात जंतू आले असतील तर ते मरेपर्यंत घ्यायची असते.

मुलीला एकदा ताप आला. त्याच दिवशी रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी परत दिलं, तिसऱ्याही दिवशी. मलेरिया नव्हता. साधाच ताप होता, उतरला. त्या तीन दिवसांत आई पोरीच्या उशापासून हलली नाही. "मीच पाठवली," एवढंच पुटपुटायची. तिनं नव्हतं पाठवलं. मी नेलं होतं.

ताई गेली तेव्हा माझ्या गोळ्या अजून संपल्या नव्हत्या. भाऊजींचा फोन सकाळी आला. सगळं तिथंच केलं, दुसरा इलाज नव्हता. व्हिडिओवर आम्हाला थोडं दिसलं, मग रेंज गेली. आईनं फोन पुन्हा लावायला सांगितला नाही. ती उठली, अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच बसून राहिली. त्या दिवशी जेवणं झालीच नाहीत. संध्याकाळी मला आठवलं, गोळी राहिली. रिकाम्या पोटी घ्यायची नसते, म्हणून उभ्या उभ्या पोळीचा तुकडा खाल्ला आणि घेतली. ताई गेलेल्या दिवशी मी पहिला घास खाल्ला तो त्या गोळीसाठी.

आईचे हात सावरायला पावसाळा उजाडला. तेही पूर्ण नाही. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडीच आहेत. वेणी मी घालून देते.

नंतर एकदा आम्ही दोघी गच्चीवर वाळवण काढत होतो. आई सहज विचारल्यासारखी म्हणाली, "तिथं मच्छर लय होते काय?"

मी खरं तेच सांगितलं. "मला फारसे दिसले नाहीत. आम्हा दोघींना बहुतेक एकही चावला नसेल."

ती हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडे बघू लागली. माझ्या लक्षात आलं तसं मी घाईघाईनं बोलत सुटले. घराला जाळ्या होत्या, खिडक्या बंद असायच्या, आम्ही मलम लावायचो, दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नसतं, एकच चावला तरी पुरतो, आणि तुझ्या अंगात लस नव्हती, त्या गोळीनं तुझी ताकद दाबलेली. सगळं खरं होतं. मॅडमनी सांगितलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"हो," आई म्हणाली. "पण नव्हते ना."

मग ती वळली आणि वाळलेल्या कुरडया एकेक करून डब्यात ठेवू लागली. वाकड्या बोटांतून त्या निसटत होत्या, मोडत होत्या. मी तिच्या हातातून डबा घ्यायला गेले तर तिनं तो आपल्याकडे ओढून घेतला.